पेपर ट्रेडिंगमधले दोन रुपये खऱ्या बाजारात कुठे जातात?

प्रश्न : मी सोलापूरला टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचे काम करतो. चार महिने निफ्टीच्या साप्ताहिक ऑप्शनमध्ये पेपर ट्रेडिंग केले, म्हणजे पैसे न लावता सौदे वहीत लिहिले. साधारण शंभर रुपयांचा कॉल किंवा पुट घेतो, सात रुपयांचा स्टॉप आणि दहा रुपयांचे टार्गेट ठेवतो. शंभर सौदे झाले, त्यात ५३ वेळा टार्गेट आले आणि ४७ वेळा स्टॉप लागला, म्हणजे सौद्यामागे दोन रुपये सुटले. बाजूला ठेवलेले दीड लाख रुपये घेऊन आता खरे सुरू करावे का? पेपर ट्रेडिंगने मला काय शिकवले आणि काय राहिले?

उत्तर : दीड लाख रुपये घेऊन आत्ता सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तुमचे चार महिने वाया गेले असेही मी म्हणणार नाही, कारण ऑप्शनचा भाव कसा वागतो हे पेपर ट्रेडिंग उत्तम शिकवते. त्या भावाला तुमचा माल विकला जाईल की नाही आणि विकायची वेळ आली की तुमचा हात कसा चालेल, या दोन गोष्टी ते शिकवू शकत नाही. तुमचे सौद्यामागचे दोन रुपये नेमके या दोन ठिकाणी खर्च होतात, म्हणून तुमचेच आकडे घेऊन तो हिशेब करू.

आधी जे शिकायला मिळाले त्याविषयी थोडे. नवीन माणसाला वाटते की निफ्टी वर गेला की कॉल वाढतो. समजा निफ्टी २५,००० वर आहे, एक्स्पायरीला पाच दिवस आहेत आणि काही मोठ्या घोषणेच्या आदल्या दिवशी आयव्ही, म्हणजे पुढे किती चढउतार होतील याचा भावात धरलेला अंदाज, १५ टक्के आहे. अशा वेळी २५,००० चा कॉल साधारण १७५ रुपयांना मिळेल. दुसऱ्या दिवशी घोषणा होते, निफ्टी ६० अंकांनी वर जातो आणि अनिश्चितता संपल्यामुळे आयव्ही १२ टक्क्यांवर उतरते. एक दिवस गेल्याचे सुमारे १८ रुपये जातात, आयव्ही उतरल्याचे ३१ रुपये जातात आणि निफ्टी चढल्याचे ३२ रुपये मिळतात. दिशा बरोबर ओळखूनही कॉल १५८ च्या आसपास येतो. हे गणित कोणी कितीही समजावले तरी चार-सहा वेळा स्वतःच्या वहीत घडल्याशिवाय पटत नाही, आणि ते वहीत घडण्यासाठी खरा पैसा लागत नाही. काळ आणि आयव्ही यांचा परिणाम बाजारातल्या सर्वांच्या व्यवहारांतून भावात उतरतो. तिथे तुमच्या एका लॉटची गरज नसते, म्हणून कागदावरचा तो अनुभव खऱ्याइतकाच खरा असतो. कुठल्या स्ट्राइकचा भाव निफ्टीबरोबर किती हलतो, एक्स्पायरीच्या दुपारी लांबच्या स्ट्राइकचे काय होते, हेही तसेच शिकता येते.

अडचण तुमची ऑर्डर मध्ये येते तिथून सुरू होते. पडद्यावर मोठ्या अक्षरांत दिसणारा भाव हा शेवटच्या सौद्याचा भाव असतो. तो कोणाचा तरी होऊन गेलेला सौदा आहे, तुम्हाला दिलेला शब्द नव्हे. आपल्या मार्केट यार्डात कांद्याचा कमाल भाव दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतो, पण त्या भावाला एखाद्या शेतकऱ्याची थोडीशी निवडक वक्कल गेलेली असते आणि तुमची गाडी लिलावात उभी राहिली की भाव वेगळा निघतो, हे सोलापूरकराला वेगळे सांगायला नको. ऑप्शनमध्येही तुम्हाला घ्यायचे असेल तर समोरच्या विकणाऱ्याच्या भावाला घ्यावे लागते आणि विकायचे असेल तर घेणाऱ्याच्या भावाला विकावे लागते. शेवटचा सौदा १०० चा दिसत असताना विकणारा १००.२५ वर आणि घेणारा ९९.८५ वर उभा असू शकतो. बहुतेक पेपर ट्रेडिंगमध्ये तुम्ही १०० ला घेता आणि १०० लाच विकता, म्हणजे दोन्ही बाजूंचा फरक तुम्हाला फुकट मिळतो.

निफ्टीच्या चालू आठवड्याच्या, जवळच्या स्ट्राइकमध्ये हा फरक शांत वेळी अगदी थोडा असतो, कित्येकदा पाच-दहा पैशांचा. म्हणून काही लोक म्हणतात की निफ्टीत स्लिपेजचा, म्हणजे ठरवलेल्या आणि मिळालेल्या भावातल्या फरकाचा, विचार करण्याचे कारण नाही. शांत वेळेपुरते ते खरे आहे. पण तुमची पद्धत शांत वेळी बाजारात जाण्याची नाही. तुम्ही हालचाल सुरू झाली की घेता आणि भाव उलटा पळाला की स्टॉपवर बाहेर पडता. या दोन्ही वेळी समोरच्या ऑर्डर पातळ झालेल्या असतात आणि फरक रुंदावलेला असतो. फरकाची दिवसभराची सरासरी किती, याला इथे अर्थ नाही. तुम्ही ऑर्डर टाकता त्या काही सेकंदांत तो किती असतो, तेवढेच तुमच्या खात्याला लागू होते.

आता तुमच्या ५३ टार्गेटांकडे या. भाव ११० ला टेकला की तुमच्या वहीत टार्गेट पूर्ण झाले. खऱ्या बाजारात ११० ला विकण्याची तुमची लिमिट ऑर्डर एका रांगेत उभी असते. एक्स्चेंज आधी भाव पाहते आणि भाव सारखा असेल तर आधी आलेल्याला पुढे घालते. तुमच्यापुढे त्याच भावाला काही हजार संख्या उभी असेल आणि भाव ११० ला नुसता स्पर्श करून परतला, तर पुढच्यांचा माल विकला जातो आणि तुमचा राहतो. भाव ११० ओलांडून वर गेला असता तर तुमचाही विकला गेला असता. याउलट स्टॉपच्या बाजूला अशी सूट कधीच नसते, कारण भाव खाली कोसळला की तोटा तुमचा पूर्णच होतो. म्हणजे कडेकडेच्या सौद्यांपैकी फायद्याचे हातून निसटतात आणि तोट्याचे मात्र सगळे वाट्याला येतात. कागदावर दोन्ही सारखे मोजले जातात, आणि माझ्या मते पेपर ट्रेडिंगमधली ही सर्वांत कमी लक्षात येणारी चूक आहे. तुमच्या नोंदी पुन्हा काढून पाहा. ज्या ५३ सौद्यांत टार्गेट आले असे तुम्ही लिहिले, त्यांपैकी किती वेळा भाव ११० च्या वर, निदान ११०.५० पर्यंत गेला? जिथे तो गेला नाही तिथे ‘शंका’ असे लिहा.

स्टॉपचा प्रकारही समजून घ्यायला हवा. पूर्वी ऑप्शनमध्ये ट्रिगर लागताच मिळेल त्या भावाला विकणारी स्टॉप-लॉस मार्केट ऑर्डर चालत असे. ऑगस्ट २०२१ मध्ये निफ्टीच्या १६,४५० च्या कॉलचा भाव क्षणभर कित्येक पटींनी उडून आठशेच्या वर गेला आणि लगेच मूळ जागी आला. त्या क्षणात ज्यांचे स्टॉप लागले त्यांचे सौदे भलत्याच भावाला झाले. त्यानंतर सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस एनएसईने ऑप्शनमधला हा प्रकार बंद केला. आता ट्रिगर आणि लिमिट असे दोन भाव द्यावे लागतात, आणि इथे एक पेच उभा राहतो. तुम्ही ९३ चा ट्रिगर आणि ९२.५० ची लिमिट दिली आणि घेणारे एका क्षणात ९१ वर सरकले, तर तुमची ऑर्डर ९२.५० वर लटकत राहते आणि भाव ८५ कडे जातो. स्टॉप लागला असे पडद्यावर दिसते, पण तुम्ही अजून सौद्यातच असता. लिमिट ८८ ची दिली तर सुटका जवळजवळ नक्की, पण ९३ ते ८८ च्या मध्ये कुठल्याही भावाला. मी स्वतः रुंद लिमिटच्या बाजूचा आहे, कारण खराब भावाचा तोटा मोजता येतो आणि न झालेल्या विक्रीचा मोजता येत नाही. तुमच्या वहीत मात्र सगळे ४७ स्टॉप बरोबर ९३ ला लागलेले आहेत आणि हा निर्णय तुम्हाला एकदाही घ्यावा लागलेला नाही.

आता हिशेब मांडू. लॉट ७५ चा धरतो. एक्स्चेंज तो वेळोवेळी बदलते आणि करांचे दरही बदलतात, म्हणून प्रत्यक्षात त्या दिवशीचे आकडे घालावेत. कागदावर ५३ वेळा दहा म्हणजे ५३० रुपये, उणे ४७ वेळा सात म्हणजे ३२९. उरले २०१ रुपये, आणि ७५ च्या लॉटवर सुमारे पंधरा हजार.

पहिली दुरुस्ती रांगेची. ५३ पैकी फक्त चार सौद्यांत भाव टार्गेटला नुसता टेकून परतला आणि पुढे स्टॉपवर गेला असे माना. मग ४९ वेळा दहा आणि ५१ वेळा उणे सात होतात, म्हणजे २०१ चे १३३ उरतात. चार सौद्यांनी एक तृतीयांश नफा नेला. दुसरी दुरुस्ती घेतानाच्या फरकाची. सौद्यामागे सरासरी २५ पैसे धरले तर शंभर सौद्यांचे २५ रुपये जातात. तिसरी स्टॉपची. ९३ ऐवजी सरासरी ९२.२५ ला सुटका झाली असे धरले तर ५१ सौद्यांचे ३८ रुपये जातात. शिल्लक राहिले ७० रुपये.

चौथी दुरुस्ती खर्चाची. ऑर्डरमागे २० रुपये दलाली धरली तर घेण्या-विकण्याचे ४० रुपये होतात. विक्रीच्या प्रीमियमवरचा एसटीटी हा व्यवहार कर १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का झाला, त्या दराने साडेसात रुपये. एक्स्चेंजचे शुल्क दोन्ही बाजूंचे मिळून पाच रुपयांच्या थोडे वर, दलाली आणि शुल्कावर १८ टक्के जीएसटीचे आठ रुपये, आणि मुद्रांक शुल्काचे काही पैसे. एकूण एकसष्ट रुपयांच्या आसपास, म्हणजे ७५ ने भागले तर एका संख्येमागे ८० पैसे. शंभर सौद्यांचे ८० रुपये. लॉट लहान असेल तर दलालीचा भार याहून जास्त पडतो.

सत्तरातून ऐंशी वजा केले की दहा रुपयांचा तोटा उरतो. पंधरा हजारांच्या नफ्याच्या जागी साडेसातशेचा तोटा झाला, आणि यात तुमचा अंदाज एकदाही वेगळा निघालेला नाही. हेच दुसऱ्या रीतीने पाहता येते. सात आणि दहाच्या कागदी हिशेबात शंभरातले ४२ सौदे जिंकले तरी तुम्ही फायद्यात राहता. फरक आणि खर्च धरल्यावर जिंकलेल्या सौद्याचे पावणेनऊच्या थोडे वर उरतात आणि हरलेल्याचे तितकेच जवळपास जातात, म्हणून नुसते बरोबरीत राहायलाही शंभरातले ५० सौदे जिंकावे लागतात. टार्गेट आणि स्टॉप जितके लहान, तितका हा उंबरठा चढत जातो. हीच पद्धत तुम्ही तीस रुपयांच्या टार्गेटवर चालवली असती तर हा रुपया-दीड रुपया इतका बोचला नसता, मात्र मग सौदे कमी झाले असते आणि प्रत्येक स्टॉपही मोठा असता. शेअरच्या ऑप्शनमध्ये तर याची चर्चाही नको. तिथे महिन्याच्या लांबच्या स्ट्राइकला घेणारा ४.२० वर आणि विकणारा ५.६० वर उभा असतो आणि शेवटचा सौदा कधीचा तरी ५.१० चा दिसतो. त्या ५.१० वर बांधलेले पेपर ट्रेडिंग ही निव्वळ कल्पना होय.

वरचे २५ आणि ७५ पैसे मी गृहीत धरले आहेत. तुमचे आकडे तुम्हाला पैसे न लावताही काढता येतात. ब्रोकरच्या पडद्यावर पाच घेणारे आणि पाच विकणारे दिसतात. यापुढे सौदा लिहिताना शेवटचा भाव लिहू नका. घेताना विकणाऱ्याचा भाव लिहा, विकताना घेणाऱ्याचा लिहा, टार्गेट ५० पैसे ओलांडले तरच पूर्ण धरा आणि स्टॉप लागला की पाच सेकंद थांबून घेणाऱ्याचा जो भाव दिसेल तो लिहा. पेपर ट्रेडिंग भाव-प्राप्तीबद्दल जेवढे शिकवू शकते तेवढे या कडक रीतीने शिकवते. यासाठी वही किंवा एक्सेल पुरे. चालू भावांवर आभासी खेळ चालवणाऱ्या अनोंदणीकृत मंचांबाबत सेबीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गुंतवणूकदारांना सावध केले आहे, तेव्हा त्यांच्या वाटेला न गेलेले बरे. आणखी एक विचारायचे आहे. तुम्ही नोकरीच्या वेळेत बसता, तर सौदे त्या मिनिटाला लिहिले होते की दुपारच्या सुटीत चार्ट पाहून? नंतर लिहिलेल्या सौद्यात माणूस नकळत बरी जागा निवडतो. तसे असेल तर ५३ हा आकडाच बाजूला ठेवा.

आता भीतीकडे येतो. भीती ही मनाची कमजोरी आहे असे धरून लोक तिच्यावर भाषणे देतात. मला ती हिशेबाची बाब वाटते, कारण तिचा परिणाम नोंदीत तीन ठिकाणी दिसतो आणि तिन्ही ठिकाणी तो रुपयांत मोजता येतो.

पहिली जागा स्टॉपची. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत काम करणारे माझ्या ओळखीचे एक गृहस्थ तुमच्यासारखीच पद्धत वापरत. कागदावर त्यांनी स्टॉप कधी हलवला नव्हता. खरा पैसा लावल्यावर तिसऱ्या आठवड्यात १०० ला घेतलेला कॉल ९४ वर आला, तेव्हा त्यांनी ऑर्डर रद्द केली, कारण आधीचे दोन स्टॉप लागून भाव परत वर गेलेला त्यांनी पाहिला होता. ८६ वर आणखी एक लॉट घेतला, सरासरी ९३ झाली. मग ते भावाची वाट पाहत बसले आणि दोन्ही लॉट ६१ ला गेले. ठरलेला तोटा ५२५ रुपयांचा होता आणि झाला ४,८०० चा, म्हणजे नऊ स्टॉपांएवढा. त्यांना नियम माहीत नव्हता असे नाही. स्टॉप लागणे म्हणजे हरल्याची कबुली आणि कबुली पुढे ढकलली की क्षणभर बरे वाटते. कागदावर ढकलण्यासारखे काही नसते, कारण ५२५ हा तिथे फक्त आकडा असतो.

दुसरी जागा फायद्याची. खऱ्या पैशात भाव १०५ झाला की हात विक्रीकडे जातो. इथे थोडा प्रामाणिक विचार हवा. लवकर विकणे नेहमीच चूक नसते, कारण १०५ वरून परत फिरून स्टॉपवर जाणारे सौदे त्याने वाचतात. पाच रुपयांना विकणे हाच नियम असता आणि प्रत्येक वेळी पाळला गेला असता, तर त्याचाही हिशेब करता आला असता. पण घाबरलेला माणूस तो नियम म्हणून पाळत नाही. तो तोट्यानंतरच्या सौद्यात लवकर विकतो, सलग दोन फायदे झाले की दहाच्या पुढे थांबतो आणि तोट्यात तर स्टॉपही ओलांडू देतो. फायदे पाचावर कापलेले आणि तोटे सातावर किंवा त्याहून पुढे गेलेले, असा जोड झाला की कुठलीही पद्धत टिकत नाही.

तिसरी जागा वहीत दिसतच नाही, कारण ती न घेतलेल्या सौद्यांची असते. निम्मे सौदे हरणाऱ्या पद्धतीत शंभर सौद्यांत सलग सहा स्टॉप लागण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. खर्च धरून एक स्टॉप साधारण ६६० रुपयांचा, म्हणजे सलग सहाचे जवळपास चार हजार. पेपर ट्रेडिंग करणारा सातवा सौदा निर्विकारपणे लिहितो. खऱ्या पैशाचा माणूस चौथ्या स्टॉपनंतर पाचवा इशारा सोडून देतो, सहाव्याला बघू म्हणतो आणि नेमका तोच चाललेला असतो. मग सातव्यात दुप्पट लॉट घेतो. त्याच्या खात्यात जी मालिका तयार होते ती त्याने तपासलेली पद्धत नसते. तिच्याबद्दल शंभर कागदी सौदे काहीच सांगू शकत नाहीत.

भीती रकमेच्या प्रमाणात वाढत नाही, हेही इथे महत्त्वाचे आहे. ५२५ रुपये तुम्हाला कदाचित सहन होतील आणि दोन लॉटचे १,०५० ही होतील, पण पगाराच्या दृष्टीने एक रक्कम अशी असते की तिच्या वर गेल्यावर तुम्ही दर मिनिटाला मोबाइल काढू लागता. ती रक्कम कोणती, हे आधी कळत नाही. पैसा कुठला आहे त्यावरही ती अवलंबून असते. दिवाळीच्या बोनसमधले पाच हजार आणि भिशी उचलून आणलेले पाच हजार खात्यात सारखे दिसले तरी स्टॉपच्या वेळी सारखे वागत नाहीत. तुमचे दीड लाख कशासाठी ‘बाजूला ठेवलेले’ आहेत, हे तुम्ही लिहिले नाही. घराचे किंवा मुलांच्या फीचे असतील तर ते या हिशेबात आणूच नका.

छोट्या रकमेने सुरू करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. ऑप्शनमध्ये तो पाळायला मर्यादा आहे, कारण लॉटपेक्षा लहान काही घेता येत नाही. नोव्हेंबर २०२४ पासून निर्देशांकाच्या काँट्रॅक्टचे किमान मूल्य १५ लाख झाल्यावर लॉट वाढले आणि शंभर रुपयांच्या ऑप्शनचा ७५ चा एक लॉट साडेसात हजारांचा झाला. काही जण पैसे वाचवायला दहा-पंधरा रुपयांचा लांबचा ऑप्शन घेऊन सराव करतात. त्याचा भाव निफ्टीबरोबर फार कमी हलतो आणि दिवस सरला की झपाट्याने विरघळतो. तुमच्या शंभर रुपयांच्या पद्धतीची परीक्षा त्यावर होत नाही, म्हणून ती बचत मला फसवी वाटते.

तेव्हा क्रम असा ठेवा. पुढचे पन्नास सौदे वर सांगितलेल्या कडक रीतीने फक्त वहीत लिहा. खर्च वजा करून ते फायद्यात नसतील तर इथेच थांबा, पद्धत बदला, पैसे लावू नका. फायद्यात असतील तर खात्यात तीस हजार ठेवा, त्यातून फक्त एक लॉट करा आणि उरलेले पैसे मोबाइलवरून लगेच वळवता येणार नाहीत अशा ठिकाणी राहू द्या. सकाळी ९.१५ नंतरची पहिली पंधरा मिनिटे आणि एक्स्पायरीच्या दिवशी दुपारी दोननंतरचा वेळ सोडा, कारण तेव्हा फरक इतका बदलतो की तुमच्या मोजमापाला अर्थ राहणार नाही.

आणि खरे सौदे सुरू झाल्यावर कागद बंद करू नका. बहुतेक लोक इथे चुकतात, कारण पेपर ट्रेडिंग ही शाळेची इयत्ता आहे आणि ती संपली की पुढे जायचे, असे त्यांना वाटते. मी तर म्हणेन की कागदाचा सर्वांत चांगला उपयोग खरा पैसा लागल्यानंतर सुरू होतो. प्रत्येक इशाऱ्यावर वहीत नियमाप्रमाणेचा सौदा पूर्ण लिहा, मग तो तुम्ही प्रत्यक्षात घेतला असो वा नसो. त्याच्या शेजारी खरा सौदा काँट्रॅक्ट नोटवरून लिहा. दोघांतला फरक दोन भागांत विभागा. निर्णय नियमाप्रमाणेच होता पण भाव वेगळा मिळाला, तो पहिला भाग. निर्णयच वेगळा झाला, म्हणजे स्टॉप हलवला, लवकर विकले, सौदा सोडला किंवा लॉट वाढवला, तो दुसरा. पहिला भाग सौद्यामागे रुपयाच्या आत राहिला तर तुमची पद्धत आणि वेळ ठीक आहे. तो वाढत असेल तर लिमिट रुंद करून किंवा वेळ बदलून तो काही अंशी कमी करता येतो. दुसरा भाग सुरुवातीला बहुतेकांचा पहिल्यापेक्षा मोठा निघतो, आणि तो शिस्तीच्या संकल्पाने कमी होताना मी फारसा पाहिलेला नाही. तो लॉट कमी करून, सौदा घेतल्याच क्षणी स्टॉपची ऑर्डर टाकून आणि दिवसात दोन सौद्यांनंतर पडदा बंद करून कमी होतो. एका लॉटवरही तो शून्याकडे येत नसेल, तर निफ्टीचा एक लॉट तुमच्यासाठी आज मोठा आहे, असा त्याचा अर्थ घ्यावा.

सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात फ्युचर्स-ऑप्शनमधले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते. त्या सर्वांचा अंदाज चुकीचा होता असे मी मानत नाही. वर तुमच्याच आकड्यांत आपण पाहिले की १०० पैकी ५३ सौद्यांत टार्गेट दिसूनही भीतीचा एक पैसा न धरता खाते तोट्यात जाते. म्हणून पन्नास खऱ्या सौद्यांनंतर तुमच्या दोन रकान्यांच्या बेरजा आल्या की त्या घेऊन विचारा. दुसरा लॉट घ्यायचा की नाही, हे त्या बेरजांवरून सांगता येईल. आजच्या ५३ आणि ४७ वरून ते सांगता येत नाही.